उधाण आणि भांग: भरती-ओहोटीची आकृती स्वतः काढून समजून घ्या

भरती-ओहोटीची आकृती जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी वहीत काढलेली असते. मध्ये पृथ्वी, एका बाजूला चंद्र, आणि पृथ्वीभोवती लांबट अंड्यासारखं पाणी. त्या आकृतीत दोन प्रश्न अनुत्तरितच राहतात. चंद्र उजवीकडे असताना डावीकडचं पाणी का फुगतं? आणि सूर्याची ओढ चंद्रापेक्षा कितीतरी मोठी असताना भरतीवर हुकमत चंद्राची का? ही दोन कोडी सुटली की अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी, उधाणाची भरती आणि अष्टमीच्या सुमारास येणारी लहान, भांगाची भरती हा साध्या बेरीज-वजाबाकीचा प्रश्न उरतो. ती बेरीज-वजाबाकी आपण या लेखात कागदावर, मिलिमीटरमध्ये करू.

कंपास, पट्टी, दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक मोठा कोरा कागद घ्या. अर्धा-पाऊण तास लागेल.

## आधी प्रमाण डोक्यात बसवा

कागदावर ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. ही पृथ्वी. आता याच प्रमाणात चंद्र कुठे येईल? कागदावर नाहीच, तो येईल तीन मीटर दूर, म्हणजे खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी, आणि त्याची त्रिज्या असेल १.४ सेंटिमीटर. सूर्य येईल जवळजवळ १२०० मीटरवर, साडेपाच मीटर त्रिज्येचा, दुमजली घराहूनही उंच गोळा.

छापील आकृत्यांत जागेअभावी चंद्र-सूर्य पृथ्वीला चिकटवलेले असतात. त्याला इलाज नाही, पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. तीन मीटरवरच्या चंद्राला पृथ्वीची जवळची बाजू आणि दूरची बाजू यांत १० सेंटिमीटरचा फरक जाणवतो. १२०० मीटरवरच्या सूर्याला तेच १० सेंटिमीटर जवळपास शून्य. भरतीचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

## ओढ नव्हे, ओढीतला फरक

चंद्र पृथ्वीच्या केंद्राला जेवढ्या जोराने ओढतो त्याला आपण १०० म्हणू. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, आणि चंद्राचं अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६०.३ पट आहे. म्हणजे चंद्राकडची बाजू त्याच्यापासून ५९.३ त्रिज्या दूर आणि पाठीमागची बाजू ६१.३ त्रिज्या दूर. आकडे घालून पाहिलं तर जवळच्या बाजूला ओढ येते १०३.४, दूरच्या बाजूला ९६.८.

आता खरी मेख. पृथ्वीचा खडक, तिचा गाभा, समुद्र, सगळं मिळून चंद्राच्या दिशेने १०० या ओढीने एकत्र पडत असतं. (प्रत्यक्षात पृथ्वी आणि चंद्र दोघांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, आणि ते फिरणं हेच हे पडणं.) सगळं एकाच वेगाने पडत असेल तर त्या पडण्याचा आतल्यांना पत्ता लागत नाही. दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये माणूस आणि त्याची पिशवी दोन्ही सोबतच पडतात, पिशवी हाताला जड लागत नाही, तसंच हे. म्हणून सगळीकडून १०० वजा करायचे. जे उरतं तेवढंच पाण्याला जाणवतं.

जवळच्या बाजूला उरतात ३.४, चंद्राकडे. दूरच्या बाजूला उरतात उणे ३.२. उणे म्हणजे काय? तिथलं पाणी चंद्राकडे कमी ओढलं जातं, पृथ्वी त्याच्यापेक्षा जास्त ओढली जाते, आणि पाणी थोडं मागे राहतं. पृथ्वीवर उभं राहून पाहणाऱ्याला हे मागे राहणं बाहेर फुगल्यासारखंच दिसतं. पाठीमागच्या फुगवट्याचं कोडं इथेच संपलं. त्यासाठी वेगळं केंद्रोत्सारी बल आणून बसवायची गरज नाही. ते स्पष्टीकरण अनेक ठिकाणी भेटतं, पण त्यात पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आणि चंद्रासोबतचं फिरणं यांची सरमिसळ होते आणि वाचणारा आणखीच गोंधळतो.

वर-खालच्या बिंदूंचं काय? तिथून चंद्र अगदी किंचित तिरका दिसतो, म्हणून तिथली ओढ थोडीशी आत, पृथ्वीच्या केंद्राकडे झुकते. वजाबाकीनंतर तिथे उरतात सुमारे १.७, आतल्या दिशेने. म्हणजे टोकांना जेवढं ताणलं जातं त्याच्या निम्मं कडेला दाबलं जातं. हे 'निम्मं' लक्षात ठेवा, आकृतीत लागणार आहे.

आता सूर्य. त्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट, आणि अंतर ३८९ पट. चंद्राची ओढ १०० धरली तर सूर्याची केंद्रावरची ओढ येते जवळजवळ १७,९००. प्रचंड! पण जवळच्या बाजूला ती होते १७,९०१.५ आणि दूरच्या बाजूला १७,८९८.५. समान भाग वजा केला की हाती उरतात फक्त दीड. चंद्राचे ३.३ आणि सूर्याचे १.५. भरतीच्या हिशोबात सूर्य चंद्राच्या ४६ टक्केच भरतो, निम्म्याहूनही कमी.

हेच थोडक्यात सांगायचं तर साधी ओढ अंतराच्या वर्गाने घटते, ओढीतला फरक मात्र अंतराच्या घनाने. ३८९ चा वर्ग करून भागलं तर सूर्य जिंकतो, घन करून भागलं तर चंद्र.

## पाणी वर उचललं जात नाही

आकृतीत बाण काढण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो डोक्यात असेल तर पुढची आकृती बरोबर येऊनही समज चुकीची राहते. चंद्र पाण्याला पंपासारखं वर उपसतो, असं आपल्याला नकळत वाटत असतं. पण चंद्रामुळे उरणारं बल पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९० लाखाव्या भागाएवढं आहे. चंद्र डोक्यावर आला की ६० किलोच्या माणसाचं वजन जेमतेम सात मिलिग्रॅमने घटतं. एवढ्याशा बळावर पाणी काय उचललं जाणार?

पाणी उचललं जात नाही, सरकतं. चंद्राच्या थेट खालच्या आणि थेट पाठीमागच्या बिंदूंपासून ४५ अंशांवर जो पट्टा आहे, तिथे उरलेलं बल मुख्यतः आडवं, पृष्ठभागालगत असतं. आडव्या बलाला गुरुत्वाकर्षण अडवत नाही. हजारो किलोमीटर लांबीच्या समुद्रात प्रत्येक ठिकाणचं पाणी किंचित किंचित सरकतं आणि त्या दोन बिंदूंपाशी साचतं. बादलीत किंवा तळ्यात भरती दिसत नाही त्याचं कारण हेच: तिथे सरकायला लांबी नाही आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढीत फरकही नाही.

आता वर्तुळावर पृष्ठभागालगतचे छोटे बाण काढा. चंद्र उजवीकडे धरा. उजव्या अर्ध्या भागातले बाण उजव्या टोकाकडे सरकताना दाखवा, डाव्या अर्ध्या भागातले डाव्या टोकाकडे. वर आणि खाली बाण एकमेकांपासून दूर जातात, तिथून पाणी ओसरतं. ही आडव्या बाणांची आकृती पुस्तकात क्वचितच असते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त सांगणारी आकृती हीच.

## आता उंची काढू

सगळी पृथ्वी एकसारख्या खोल समुद्राने झाकलेली आहे आणि पाण्याला सरकायला हवा तेवढा वेळ मिळतो, असं मानलं तर चंद्रामुळे टोकांना पाणी ३६ सेंटिमीटर चढतं आणि कडेला १८ सेंटिमीटर उतरतं. सूर्यामुळे टोकांना १६ चढतं, कडेला ८ उतरतं. (कडेचा आकडा टोकाच्या निम्मा, वर पाहिलं तसंच.)

कागदावर १ मिलिमीटर म्हणजे ४ सेंटिमीटर पाणी असं प्रमाण घ्या. चंद्राचे आकडे होतात अधिक ९ आणि उणे ४.५ मिलिमीटर, सूर्याचे अधिक ४ आणि उणे २. पृथ्वीच्या वर्तुळाच्या तुलनेत हे पाणी आपण सुमारे ३२ लाख पट वाढवून दाखवतो आहोत. आकृतीच्या कोपऱ्यात तसं लिहून ठेवा. कुणी ती पाहिली तर त्याला खरा समुद्र अंड्यासारखा वाटू नये.

सूर्य कायम उजवीकडे ठेवायचा. चंद्र फिरवायचा, घड्याळाच्या उलट दिशेने. म्हणजे आपण उत्तर ध्रुवाच्या वरून पाहतो आहोत.

```
अमावस्या (उधाण)

( पृथ्वी ) ---- चंद्र ------------------ सूर्य


पौर्णिमा (उधाण)

चंद्र ---- ( पृथ्वी ) ------------------ सूर्य


शुक्ल अष्टमी (भांग)

   चंद्र
     |
     |
( पृथ्वी ) ----------------------------- सूर्य
```

एकाच कागदावर तीन वर्तुळं काढायला जागा नसेल तर तीन कागद घ्या, पण त्रिज्या तीच ठेवा. प्रत्येक वर्तुळावर उजवा, डावा, वरचा आणि खालचा असे चार बिंदू पक्के करा. एका रंगाने चंद्राचा आकडा मांडा, दुसऱ्या रंगाने सूर्याचा, मग बेरीज करून जाड रेष ओढा.

अमावस्येला दोघे एकाच बाजूला. उजव्या-डाव्या टोकांना ९ अधिक ४ म्हणजे १३ मिलिमीटर वर. वर-खाली उणे ४.५ आणि उणे २, मिळून साडेसहा मिलिमीटर आत. पौर्णिमेला चंद्र डावीकडे गेला, पण फुगवटे दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे एकही आकडा बदलत नाही. पौर्णिमेला चंद्र-सूर्य विरुद्ध बाजूंना ओढतात म्हणून भरती कमी व्हायला हवी, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी उत्तर इथे कागदावर आहे.

अष्टमीला चंद्र वर गेला. आता वरच्या-खालच्या बिंदूंना चंद्राचे अधिक ९ आणि सूर्याचे उणे २, बेरीज ७. उजव्या-डाव्या बिंदूंना चंद्राचे उणे ४.५ आणि सूर्याचे अधिक ४, बेरीज उणे अर्धा.

| स्थिती | जास्तीत जास्त | कमीत कमी | चढउतार कागदावर | चढउतार पाण्यात |
|---|---|---|---|---|
| अमावस्या, पौर्णिमा | +१३ मिमी | −६.५ मिमी | १९.५ मिमी | ७८ सेंमी |
| दोन्ही अष्टम्या | +७ मिमी | −०.५ मिमी | ७.५ मिमी | ३० सेंमी |

उधाणाचा चढउतार भांगाच्या अडीच पटीहून जास्त. जाड रेषेने काढलेले दोन आकार शेजारी ठेवून पाहा. उधाणाचा आकार ठसठशीत लांबट, भांगाचा जवळजवळ गोल, पण पूर्ण गोल नाही. आणि भांगाचा लांबटपणा चंद्राच्याच दिशेने आहे. काही आकृत्यांत भांगाच्या वेळी चार फुगवटे दाखवतात, दोन चंद्राचे आणि दोन सूर्याचे. ते चुकीचं आहे. पाणी एकच असतं, बेरीज एकच होते, आणि चंद्र वरचढ असल्यामुळे सूर्याच्या दिशेला फुगवटा उरत नाही. तिथे सूर्य फक्त ओहोटीचा खड्डा बुजवतो. तुमच्या आकृतीत चार फुगवटे आले तर कुठेतरी उणे चिन्ह विसरलं आहे.

तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते. उधाणाला भरती वर जाते तशी ओहोटीही खाली जाते. समुद्राची सरासरी पातळी तीच राहते. भांगाला भरती कमी चढते, पण ओहोटीही पुरेशी उतरत नाही. ज्यांना खडकाळ किनाऱ्यावरचे खोलवरचे जीव पाहायचे असतात, त्यांच्या कामाची उधाणाची ओहोटी असते.

## मधल्या दिवसांची गंमत

अमावस्या आणि अष्टमीच्या मधला दिवस घ्या. चंद्र आणि सूर्य यांच्यात ४५ अंश. इथे सरळ बेरीज चालत नाही, कारण दोन फुगवट्यांची टोकं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. फुगवटा अर्ध्या फेरीनंतर पुन्हा येतो, म्हणून कोन दुप्पट करायचा: ९० अंश. मग चंद्राचा ५४ सेंटिमीटरचा चढउतार एका बाजूला, सूर्याचा २४ सेंटिमीटरचा काटकोनात, आणि कर्ण काढायचा. येतो ५९ सेंटिमीटर. तो कर्ण चंद्राच्या बाजूपासून २४ अंशांनी कललेला असतो. दुप्पट केलेला कोन पुन्हा निम्मा केला की १२ अंश.

म्हणजे त्या दिवशी पाण्याचा माथा चंद्राच्या खाली नसतो, सूर्याकडे १२ अंश सरकलेला असतो. पृथ्वीच्या फिरण्यात १२ अंश म्हणजे जवळजवळ ५० मिनिटं. भरती चंद्राच्या हिशोबाने जेव्हा यायला हवी, त्याच्या ५० मिनिटं आधी येते.

याचा रोजच्या वेळांवर थेट परिणाम होतो. पृथ्वी एक फेरी घेते तोवर चंद्र सुमारे १२ अंश पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला ५० मिनिटं जास्त लागतात. म्हणून भरती रोज ५० मिनिटं उशिरा येते आणि एका भरतीपासून दुसरी १२ तास २५ मिनिटांनी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती सरासरी आहे. उधाणाच्या आसपास माथा हळू सरकतो, त्यामुळे भरती रोज ३५ ते ४० मिनिटंच पुढे जाते. भांगाच्या आसपास माथा झपाट्याने चंद्राकडे परत धावतो आणि एका दिवसात भरती सव्वा ते दीड तासही पुढे जाऊ शकते. कालची वेळ अधिक ५० मिनिटं असा ठोकताळा वापरणाऱ्यांचा अंदाज नेमका अष्टमी-नवमीला फसतो तो यामुळे.

## वेळापत्रकावर पडताळून पाहा

कागदावरचं मॉडेल खऱ्या समुद्राला किती लागू पडतं ते तपासायला कुठल्याही बंदराचं महिन्याभराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पुरेसं आहे. रोजच्या सगळ्यांत उंच भरतीतून त्या दिवशीची सगळ्यांत खालची ओहोटी वजा करा आणि तीस दिवसांचा आलेख काढा. आलेखाला दोन उंचवटे आणि दोन दऱ्या दिसतील. अमावस्या, पौर्णिमा आणि दोन्ही अष्टम्यांवर खूण करा.

सरावासाठी मी सोपे आकडे घेतो. समजा दोन उंचवटे ३.६ मीटर आणि ३.२ मीटर, दोन दऱ्या १.५ आणि १.७. सरासरी उधाण ३.४, सरासरी भांग १.६. उधाण म्हणजे चंद्र अधिक सूर्य, भांग म्हणजे चंद्र वजा सूर्य. दोघांची बेरीज करून निम्मं केलं की चंद्राचा वाटा: अडीच मीटर. वजाबाकी करून निम्मं केलं की सूर्याचा: ०.९ मीटर. गुणोत्तर ०.३६. आपल्या ०.४६ पासून लांब, पण चंद्र वरचढ आणि सूर्य निम्म्याहून कमी ही गोष्ट तशीच राहिली.

आता आलेखातल्या विसंगती पाहा, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे.

पहिली विसंगती: उंचवटा बरोबर अमावस्येला येत नाही, बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवस उशिरा येतो. समुद्राचं पाणी हे झोक्यासारखं आहे. ज्या क्षणी जोर सर्वाधिक, त्याच क्षणी झोका सर्वांत उंच नसतो. तळाशी होणारं घर्षण आणि पाण्याचा स्वतःचा हेलकावा यांमुळे प्रतिसाद मागे राहतो. त्यामुळे सर्वांत मोठी भरती अमावस्येलाच असणार असं धरून चालणारा माणूस द्वितीयेला बेसावध सापडतो.

दुसरी: ३.६ आणि ३.२ हे दोन उंचवटे सारखे का नाहीत? चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. जवळ असताना तो सरासरी ३,६३,३०० किलोमीटरवर असतो, दूर असताना ४,०५,५०० वर. अंतरात १२ टक्क्यांचाही फरक नाही, पण घन केला की चंद्राचा भरतीवरचा जोर जवळच्या स्थितीत जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त भरतो. एक उधाण चंद्र जवळ असताना आलं, तर दोन आठवड्यांनी येणारं दुसरं तो दूर असताना येतं. म्हणूनच वर मी दोन उंचवट्यांची सरासरी घेतली. एकाच उधाणावरून गुणोत्तर काढलं तर ते फसवं येतं.

तिसरी: एकाच दिवसातल्या दोन भरत्या असमान असतात. चंद्र बहुतेक वेळा विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो, त्यामुळे फुगवट्यांची जोडी तिरपी होते आणि फिरता फिरता एकदा जाड भागातून, एकदा पातळ भागातून आपण जातो.

उधाणाच्या वेळेबद्दलही एक उपयोगी गोष्ट आलेखावर दिसेल. अमावस्येचा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास डोक्यावर असतो, पौर्णिमेचा मध्यरात्री. बंदरात भरती पोहोचायला चंद्रानंतर लागणारा वेळ त्या बंदरापुरता साधारण ठरलेला असतो. त्यामुळे एका बंदरात उधाणाची मोठी भरती वर्षभर घड्याळाच्या जवळपास त्याच वेळी येते, आणि भांगाची भरती त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे.

आणि हे आकडे वाळूवर कसे दिसतात? ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास आणि बारा-तेरा मिनिटं, उधाण असो वा भांग. त्यातल्या मधल्या दोन तासांत एकूण चढावाच्या निम्मं पाणी चढतं. आपल्या उदाहरणात उधाणाला ते १.७ मीटर, म्हणजे मिनिटाला १.४ सेंटिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण किनारा सपाट असेल, १०० मीटरला एक मीटर चढ, तर पाण्याची कड मिनिटाला १.४ मीटर पुढे येते. दूरवर वाळूच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसामागचा सखल भाग आधी भरतो, आणि हे त्याला समुद्राकडे तोंड करून उभं असताना दिसत नाही. भांगाला हाच वेग निम्म्यापेक्षा कमी असतो.

## आकृती कुठे थांबते

न्यूटनने १६८७ मध्ये भरतीमागचं बल समजावलं ते साधारण आपल्या आकृतीसारखंच, स्थिर पाण्याचं चित्र धरून. पुढच्या शतकात फ्रेंच गणिती लाप्लासने दाखवलं की खरा समुद्र या आकाराच्या मागे धावूच शकत नाही. कारण सोपं आहे. चंद्राखालचा बिंदू विषुववृत्तावरून ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पळतो. चार किलोमीटर खोल समुद्रात एवढ्या लांब लाटेचा वेग जातो ताशी ७०० च्या आसपास. वर मध्ये खंड आडवे. म्हणून महासागरात प्रत्यक्षात दोन फुगवटे फिरत नसतात. प्रत्येक खोऱ्यात भरतीची लाट स्वतंत्रपणे हेलकावते आणि काही बिंदूंभोवती गोल फिरते. आपल्या आकृतीला बलाची आकृती म्हणा, समुद्राच्या आकाराची नव्हे. बलाची लय तीच राहते: १२ तास २५ मिनिटं चंद्राची, १२ तास सूर्याची. उंची किती आणि उशीर किती, हे खोऱ्याचा आकार आणि खोली ठरवतात.

कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याचा स्वाभाविक हेलकावा चंद्राच्या लयीच्या जवळ येतो, आणि चढउतार १६ मीटरपर्यंत जातो. सूर्याची लय त्या हेलकाव्याला तेवढी जुळत नाही. परिणामी तिथे उधाण-भांगापेक्षा चंद्राच्या जवळ-दूर असण्याने पडणारा फरक मोठा ठरतो.

याच्या अगदी उलट पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाचं. भरतीची चंद्राची लाट ज्या बिंदूंभोवती फिरते, त्या बिंदूंवर तिची उंची शून्य असते, आणि ताहिती अशाच एका बिंदूजवळ आहे. चंद्राचा वाटा तिथे जवळजवळ नाहीसा होतो आणि सूर्याचा तेवढा उरतो. तुमच्या वेळापत्रकाच्या पडताळणीत ते लगेच कळेल: रोजच्या ५० मिनिटांची सरक सापडणारच नाही. ताहितीत भरती रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, आकाशात चंद्र कुठेही असो.